तो फोटो कोणालेच दाखवू नका

१

हर्षाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मोडल्याचा निरोप फोनवर आला, तोही आचारी ठरवून झाल्यावर. आसगावहून मुलाचे वडील वासुदेवराव माझ्या भावाला एवढंच म्हणाले, "तेजरामजी, आमचं जमणार नाही. काहून ते आपल्या पोरीलेच विचारा." आणि फोन ठेवला.

मी साकोलीच्या कोर्टातून घरी आले तेव्हा भाऊ ओसरीवर डोकं धरून बसला होता. वहिनी आत रडत होती आणि हर्षा भिंतीला टेकून उभी होती. माझी ही भाची शाळेत विज्ञान शिकवते, एरवी कुणाचं ऐकून घेणारी नाही. त्या दिवशी मात्र नखाने भिंतीचा चुना खरवडत होती.

भावाने फोन माझ्यापुढे सरकवला. कुणा नातेवाइकाने काळजीपोटी पाठवलेला स्क्रीनशॉट होता. काळजीपोटी म्हणे! वर 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स'ची दुहेरी बाणाची खूण. म्हणजे हे चित्र या हातातून त्या हातात निदान पाच वेळा तरी फिरून आमच्या ओसरीवर पोचलं होतं. त्याखाली मजकूर होता, "मुलीचं वळण पाहून घ्या."

स्क्रीनशॉटमध्ये दोनच मेसेज होते. वरचा टीनाचा, पण त्या जागी फक्त 'धिस मेसेज वॉज डिलीटेड' एवढंच. खालचा हर्षाचा:

"पोरींनो, तो फोटो कोणालेच दाखवू नका. घरी माहीत पडलं तर माहं लग्न होणार नाही. पाया पडतो तुमच्या, आत्ताच डिलीट करा."

"हा मेसेज तुझा आहे का?" मी विचारलं.

"माहाच आहे, आत्या."

"आणि तो फोटो?"

ती रडता रडता हसली आणि मग पुन्हा रडू लागली. "झोपेतला आहे, आत्या! मंडईच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशीचा. तोंड वासून, लाळ गळून राहिली, केसात कचरा. घोडीवाणी दिसून राहिली होती मी."

मी हिच्या बाळपणापासून हिला ओळखते. खोटं बोलताना ही कान खाजवते. तेव्हा कानाला हातही लागला नव्हता.

आता गंमत पाहा. फोटो कुणी पाहिला नव्हता, पण साऱ्या गावाने तो मनातल्या मनात काढून घेतला होता आणि ज्याचं मन जसं तसा काढला होता. मला त्या स्क्रीनशॉटची नाही, त्या माणसांची शिसारी आली.

"मग तो फोटोच दाखवू ना त्यांना," वहिनी म्हणाली.

"दाखवा," मी म्हटलं. "ते म्हणतील, हा दुसराच आहे, खरा तुम्ही लपवला. हाच तो फोटो, हे कशावरून?"

रविवारी आसगावला बैठक ठरली होती. त्यांनी दिलेली साडी-नारळ परत करायची आणि विषय संपवायचा. विषय त्यांचा संपणार होता. हर्षाच्या नावाला लागलेला चिखल मात्र जन्मभर तिच्यासोबत राहणार होता. रविवारपर्यंत हे कुणी केलं ते शोधायचं मी ठरवलं.

२

मी वकील आहे आणि हल्ली माझ्याकडे येणारे निम्मे पुरावे स्क्रीनशॉटचेच असतात. नवऱ्याचा बायकोला मेसेज, भावाचा भावाला मेसेज. त्यामुळे एक सवय लागली आहे. स्क्रीनशॉटमध्ये काय लिहिलंय ते मी शेवटी वाचते. आधी तो कुणाच्या फोनवर काढला असेल ते बघते.

पण दहा हातांतून आलेल्या प्रतीवर माझा विश्वास नव्हता. मला पहिली प्रत हवी होती, म्हणून दुसऱ्या दिवशी मी थेट आसगाव गाठलं.

वासुदेवरावांनी पाणी दिलं, खुर्ची दिली. चहा मात्र दिला नाही. त्यावरून मी काय ते समजले. धानाचा मोठा पसारा असलेलं घर, अंगणात पोत्यांची थप्पी. त्यांनी फोन काढून दाखवला. अनोळखी नंबर, आता बंद. त्या नंबरवरून हेच चित्र आलं होतं आणि त्यावर 'फॉरवर्डेड' अशी खूण नव्हती. म्हणजे पाठवणाऱ्याने ते कुणाच्या चॅटमधून तसंच पुढे ढकललं नव्हतं. आपल्या गॅलरीतून काढून, वरखालून कापून, नव्याने पाठवलं होतं. ग्रुपचं नाव, वेळ, खालची उत्तरं, सगळं कापलेलं.

"आमी काही मागासलेले नाही, मॅडम," वासुदेवराव म्हणाले. "पण चार लोकांत मान आहे आमचा."

आतल्या दाराशी त्यांच्या बायको शकुनबाई उभ्या होत्या. पदर तोंडाला, पण कान आमच्याकडे. त्यांनी मला हळूच विचारलं, "बाई, खरं सांगा. लई खराब आहे का जी फोटो?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"आता कसं सांगू बाप्पा... कपडे तरी..." आणि वाक्य अर्धवट सोडून त्या माझ्या तोंडाकडे आशेने बघत राहिल्या. हो, आशेनेच. मी हातातलं पाणी खाली ठेवलं.

तेवढ्यात मुलगा वीरेंद्र आला. गोरा, नीटनेटका, केसांना काहीतरी चोपडलेलं. बोलताना भिंतीवरच्या आरशाकडे त्याची नजर जायची. पवनीत कृषी केंद्र चालवतो.

"मॅडम, मले हर्षाबद्दल राग नाही," तो म्हणाला. "तो फोटो मी पाह्यला नाही आणि पाहाची इच्छाही नाही. पण रातभर मंडईचं नाटक पाहाचं, मंग पोरी-पोरी तणसावर लोळाचं, हे आमच्या घरात नाही चालत."

"बरोबर बोलला पोरगा," वासुदेवराव म्हणाले.

मी मान हलवली आणि उठले. दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर चालणारं नाटक पाहायला आमचा सगळा झाडीपट्टीचा मुलूख जातो, वासुदेवरावही जात असणार. पण त्यावर वाद घालायची ती वेळ नव्हती.

बसमध्ये बसल्यावर मी कागदावर चार नावं लिहिली. ग्रुपचं नाव 'बी.एड.वाल्या', त्यात चौघीच. हर्षा. एकोडीची टीना, जिने फोटो काढला. साकोलीतच राहणारी गुड्डी. आणि आसगावची रेणू, वीरेंद्रची चुलत बहीण. हे स्थळ तिनेच आणलं होतं.

३

रात्र मंडईची होती. एकोडीला नाटक पहाटेपर्यंत चाललं, हे चौघींनी सांगितलं. गुड्डी आणि रेणू नाटक संपताच आपापल्या घरी गेल्या. हर्षा टीनाकडे थांबली आणि खळ्याशेजारी तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर पडल्या पडल्या झोपली. टीनाने सकाळी फोटो काढून ग्रुपवर टाकला.

टीना मला पाहताच रडू लागली. लग्न झालेली मुलगी, नवरा शेजारी उभा.

"मी मजाकमधी टाकला, आत्या. हर्षाचा मेसेज येताच 'डिलीट फॉर एव्हरीवन' केला. लगेच. आईशप्पत!"

"आणि कुणाला दाखवला?"

"कोणालेच नाही."

"कुणालाच नाही?"

"म्हंजे... ह्यायले दाखवला. घरच्या माणसाले दाखवणं म्हंजे काही दाखवणं होते का?"

नवऱ्याने लाजून जमिनीकडे पाहिलं. "आनं वहिनीले," तो पुटपुटला.

"वहिनी काही सांगत नाही कोणाले," टीना घाईने म्हणाली.

मी तिचा फोन मागितला. ग्रुप उघडला. डिलीट केलेल्या फोटोच्या जागी तिच्या फोनमध्ये, तिच्या बाजूला, उजवीकडे लिहिलं होतं, 'यू डिलीटेड धिस मेसेज'. खालचा हर्षाचा मेसेज मला पाठ होता, म्हणून तो पुन्हा न वाचता मी समाधानाने फोन परत दिला.

आसगावच्या चित्रात 'धिस मेसेज वॉज डिलीटेड' होतं, तेही डावीकडे. स्वतःचे मेसेज उजवीकडे दिसतात आणि दुसऱ्याचे डावीकडे, हे आता शाळेतलं पोरही सांगेल. टीनाच्या फोनवर तसं चित्र मिळणंच शक्य नव्हतं. हर्षाचा मेसेजही डावीकडेच होता, म्हणजे ते हर्षाच्या फोनवरचंही नव्हतं.

राहिल्या दोघी.

"एक आणखी सांगतो, आत्या," मी निघताना टीना म्हणाली. "गुड्डीले फोटो दिसलाच नव्हता. तिनं लई जिद्द केली, तं मंग मी तिले वेगळा पाठवला. तिच्या एकटीलेच."

हर्षाने पाया पडते म्हणून लिहिलं आणि हिने ग्रुपवरून काढून दुसऱ्या दाराने वाटला! वर डोळ्याला पदर. मला त्या अंगणात उभं राहवेना.

४

गुड्डी चिडूनच बसली होती. हर्षाच्या शाळेतली जागा हिलाही हवी होती, हे मला ठाऊक होतं.

"माह्यावरच येईल सगळं, मले माहीत होतं," ती म्हणाली. "हर्षाले नोकरी, हर्षाले स्थळ, आनं बदनाम गुड्डी!"

"तू तो मेसेज कधी वाचलास?"

"दुपारी. फोन चार्जिंग संपून बंद पडला होता, मी झोपली होती. उठली तं फोटो डिलीट. या तिघींनी मजा घेतली आनं मले दिसलाच नाही. मंग मी टीनाले मागितला. हो, मागितला! त्याच्यात काय?"

"कुणाला दाखवलास?"

"फक्त आईले."

फक्त. हा शब्द ऐकून माझे कान किटले होते. हिने फक्त आईला, तिने फक्त नवऱ्याला आणि नवऱ्याच्या वहिनीला. प्रत्येकीचं तोंड शिवलेलं आणि प्रत्येकीच्या शिवणीला एक भोक.

गुड्डीच्या फोनवर मी हर्षाचा मेसेज पाहिला आणि थबकले. तो वेगळा होता.

"पोरींनो, तो तोंड वासून झोपलेला फोटो कोणालेच दाखवू नका. घरी माहीत पडलं तर माहं लग्न होणार नाही, भूतनी म्हणतील. पाया पडतो तुमच्या, आत्ताच डिलीट करा." आणि खाली वेळेशेजारी बारीक अक्षरांत 'एडिटेड'.

मी तिथूनच हर्षाला फोन लावला. "तू मेसेज बदललास?"

"हो न. टाकल्यावर वाचला तं मलेच कसंतरी वाटलं. कोणी वाचलं तं भलतंच समजन. म्हणून लगेच एडिट केला. पंधरा मिनिटाच्या आत करता येते न."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस, बाई?"

"मले वाटलं, एडिट केला तं जुना गेला."

तो तिच्या फोनमधून गेला होता, टीनाच्या गेला होता, गुड्डीच्या गेला होता. पण आसगावच्या चित्रात जुनाच मजकूर होता आणि 'एडिटेड' ही खूण नव्हती. याचा अर्थ सरळ होता. तो स्क्रीनशॉट म्हणजे साक्षगंधाची तारीख निघाल्यावर सुचलेलं काम नव्हतं. टीनाने फोटो डिलीट केल्यानंतर आणि हर्षाने मेसेज बदलायच्या आधी, त्या तेवढ्या मिनिटांत, कुणीतरी जागं होतं. "दाखवू नका" हे वाचता वाचताच कुणाच्या तरी बोटांनी दोन बटणं एकदम दाबली होती.

गुड्डी खरं बोलत असेल तर तिच्या फोनला तो जुना मजकूर दिसलाच नसणार. पण ती खरं बोलत होती का?

५

रेणू आसगावहून साकोलीला शिकवणीला येते. तिला मी बसस्टँडजवळच्या हॉटेलात गाठलं. शांत मुलगी, डोक्यावर ओढणी.

"मले लई वाईट वाटून राहिलं, आत्या," ती म्हणाली. "स्थळ मीच आणलं होतं. घरी माह्यासोबत कोणी बोलून नाही राहिलं."

"तू मेसेज कधी वाचलास?"

"मी तं घरी जाऊन झोपली होती. दुपारी उठली तवा वाचला. तवा एडिट झालेलाच होता."

"नक्की?"

"नक्की. आनं माहे ब्लू टिक बंद राह्यतेत. मी कवा वाचलं ते कोणालेच दिसत नाही. म्हणून माह्यावर शक येऊ शकते, समजते मले. पण काय करू?"

किती गोड बोलली! मी चहाचे पैसे दिले आणि तिथेच हर्षाला बोलावून घेतलं.

हर्षा आली. दोघींनी एकमेकींकडे पाहणं टाळलं. मी म्हटलं, "हर्षा, तुझ्या त्या मेसेजवर बोट दाबून ठेव आणि 'इन्फो' उघड. हे फक्त मेसेज लिहिणाऱ्यालाच दिसतं."

तिने उघडलं. गुड्डीच्या नावापुढे मेसेज पोचल्याचीच वेळ दुपारची होती. फोन खरंच बंद होता बिचारीचा. टीनाने तेव्हाच वाचलेला. आणि तिसरं नाव रेणूचं. तिनेही तेव्हाच वाचला होता, टीनाच्या पाठोपाठ.

रेणूचा चेहरा उतरला. "पण माहे ब्लू टिक तं बंद..."

"एकट्या माणसाशी बोलताना बंद असतात, बाळा. ग्रुपमध्ये ती सोय चालत नाही. तिथे वाचलं की वाचल्याचं दिसतंच. माझे दोन अशील याच समजुतीत तोंडघशी पडले आहेत."

तिने डोळ्याला ओढणी लावली. मला दया आली नाही.

"मी काढला स्क्रीनशॉट," ती म्हणाली. "पण आसगावात मी नाही पाठवला! देवाची आण!"

"तू काढलास आणि पाठवला भुताने?"

खरं सांगते, तिथपर्यंत मीही एक चूक करत होते. ज्याने काढला त्यानेच पाठवला, असं धरून चालले होते. पण रेणूला काय मिळणार होतं? तिनेच आणलेलं स्थळ, मोडल्यावर घरात तिच्याशीच अबोला. आणि मनात आणखी एक गोष्ट टोचत होती. पाठवणाऱ्याने फोटो का नाही पाठवला? फोटो पाठवला असता तर सगळे हसले असते आणि विषय तिथेच संपला असता. त्याने मुद्दाम फक्त मेसेज पाठवला. म्हणजे फोटोत काही नाही, हे त्याला माहीत होतं. त्याने फोटो पाहिलेला होता.

आणि त्या क्षणी मला आसगावची ती खुर्ची आणि आरशात बघणारा तो गोरा चेहरा आठवला. "तणसावर लोळाचं." तणसाचं कुणी सांगितलं होतं त्याला? मेसेजमध्ये तणसाचा उल्लेख कुठेच नव्हता, ना जुन्यात ना नव्यात. हर्षाने मला सुद्धा 'केसात कचरा' एवढंच सांगितलं होतं. तणसाचं मला टीनाकडे गेल्यावर कळलं, ते आसगावात पोचू शकत होतं फक्त फोटोतून.

"रेणू," मी म्हटलं, "तू कुणाला पाठवलंस ते मी सांगू की तू सांगतेस?"

तिने फोन उघडून माझ्या हातात दिला. वीरेंद्रसोबतचं चॅट. मंडईची दुसरी सकाळ. आधी फोटो, हर्षाचा मेसेज यायच्या आधीच पाठवलेला. ग्रुपवर टीनाने डिलीट केला, पण पुढे गेलेली प्रत तिच्या हातात कुठे होती? ती इथे जशीच्या तशी बसली होती. त्याखाली लगेच तो स्क्रीनशॉट, न कापलेला, ग्रुपच्या नावासकट. त्याखाली रेणूचं, "पाह्य कशी लाजून राहिली तुही होणारी!" आणि त्याखाली वीरेंद्रचं एकच उत्तर:

"ही असी दिसते का?"

हर्षाने ते वाचलं.

"फक्त दादालेच पाठवला होता," रेणू रडत म्हणाली. "मले वाटलं, त्याले आवडन."

६

रविवारच्या बैठकीला आसगावला दहा-बारा माणसं जमली होती. पुरुष सतरंजीवर, बाया आतल्या दाराशी. आम्ही तिघं गेलो, भाऊ, हर्षा आणि मी. मुलीला आणलेलं पाहून कुजबुज झाली. रेणू आधीच तिथे होती, आईच्या पाठीमागे.

मी फार लांबण लावली नाही. डावी बाजू, उजवी बाजू, 'एडिटेड' खूण, रेणूने कबूल केलेली गोष्ट, एकेक सांगत गेले. सरपंचासारखे दिसणारे एक म्हातारे गृहस्थ दर वाक्याला "हां" म्हणत होते.

"वीरेंद्र," मी शेवटी विचारलं, "तू फोटो पाहिला नाहीस म्हणालास. मग तणीस कुठून आणलंस?"

तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "कोणीतरी सांगितलं असन."

"हे बघ." मी रेणूकडून तिचा फोन मागून घेतला आणि ते चॅट उघडून वासुदेवरावांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. मग पुन्हा वाचलं. "का बे," ते मुलाला म्हणाले, "हा नंबर तुहा होता? मले, तुह्या बापाले, तू चोरून पाठवला?"

"दुकानात जुनं सिम पडलं होतं," तो तोंडातल्या तोंडात म्हणाला.

"पण काहून?"

वीरेंद्रने मान वर केली. आणि मग जे बोलला त्यात लाज वाटण्यासारखं त्याला काहीच दिसत नव्हतं.

"बाबा, तुमी शब्द देऊन बसले होते. मी नाही म्हटलं असतं तं तुमी ऐकलं असतं का? पाह्याच्या वक्ती साडी नेसून, पावडर लावून बसली होती, तं बरी वाटली. हा फोटो पाह्यला आनं मन उतरलं. रोज सकाळी उठून हेच तोंड पाहाचं का मी? पोरगी झोपेत खराब दिसते म्हणून मोडलं असतं तं लोक मलेच हासले असते. म्हणून..."

म्हणून तिला वाईट चालीची ठरवली. झोपेत लाळ गळते या गुन्ह्याला एवढी शिक्षा. मी वीस वर्षं कोर्टात नाना तऱ्हेची माणसं पाहिली आहेत, चोर पाहिले, मारामाऱ्या करणारे पाहिले. एवढा घाणेरडा आणि एवढा स्वच्छ आंघोळ केलेला माणूस पहिल्यांदाच पाहिला.

वासुदेवराव उठले आणि माझ्या भावासमोर हात जोडून उभे राहिले. "तेजरामजी, पोरगं चुकलं. झालं गेलं विसरा. साक्षगंध ठरल्या तारखेलेच करू, वाजतगाजत करू. आपली पोरगी आमच्या घरी सुखात राहीन. फक्त..." त्यांनी भोवतालच्या माणसांकडे पाहिलं. "हे इथंच राहू द्या. बाहेर कोणाले सांगू नका."

भावाने माझ्याकडे पाहिलं. मला त्याच्या डोळ्यांत सुटका दिसली आणि त्याचाही राग आला. लग्न झालं तर लोकांची तोंडं आपोआप बंद होतील, हा हिशोब त्याच्या मनात चालू होता.

"बाबा, थांबा," हर्षा म्हणाली.

ती उठली. वासुदेवरावांच्या हातातून तिने फोन घेतला, त्यातला आपला फोटो मोठा केला आणि तो वीरेंद्रकडे नाही, पुरुषांकडेही नाही, सरळ आतल्या दाराशी घेऊन गेली.

"काकू, पाहा," ती शकुनबाईंना म्हणाली. "सगळ्याजणी पाहा. इतके दिवस ज्याच्यावर बोलून राहिल्या होत्या, तोच हा. कोणी विचारलं तं सांगा, आमी पाह्यला. कोणी पाठवला तेही सांगा. मले काही लपवाचं नाही."

बाया पुढे सरकल्या. फोन या हातातून त्या हातात गेला. पहिल्यांदाच कुणालातरी तो दाखवण्याची परवानगी होती. फोटोत हर्षा तणसावर आडवी, तोंड उघडं, गालावरून लाळेचा ओघळ, वेणीत काड्या अडकलेल्या, एक पाय चपलेत, एक उघडा. डोक्याला बापाचा मफलर. एका तरुण सुनेला हसू फुटलं, तिने पदर तोंडात कोंबला.

शकुनबाईंनी फोन जवळ धरला, लांब धरला. बोटाने फोटो सरकवून पुढे काही आहे का ते पाहिलं. पुढे तो स्क्रीनशॉटच होता.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात सुटका नव्हती. बाईचा हिरमोड झाला होता.

हर्षाने फोन काढून घेऊन रेणूच्या हातात ठेवला आणि चपला घालायला अंगणात गेली. भाऊ साडी-नारळाची पिशवी सतरंजीवरच ठेवून तिच्या मागे निघाला.